को-वर्किंगमध्ये रोज भेटणारे शेजारी: "बरं आहे ना" याच्या पुढे कसं जायचं? (रत्नागिरी)

नाचणेकर (9 जून)

पुण्याहून रत्नागिरीला राहायला आलो त्याला आता वर्ष होत आलं. नोकरी पुण्याच्याच कंपनीत, पण काम इथून. फ्लॅट नाचणे भागात आहे. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही म्हणून मारुती मंदिराजवळच्या एका को-वर्किंगमध्ये महिन्याच्या पासावर टेबल घेतलं. लाईट हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे इथे माणसांच्या ओळखी व्हाव्यात असं मनापासून वाटत होतं.

तिथे येणाऱ्यांपैकी काही जण चक्क नाचण्यातलेच निघाले. एक ताई माझ्या मागच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. कोकम सरबत आणि आगळ करून विकतात, ऑर्डरी बघायला नि पार्सलची लेबलं काढायला इथे येतात. एक मुलगा लग्नांचं ड्रोन शूटिंग करतो. एक जण कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात ॲप बनवतोय. सगळ्यांशी हसून बोलणं होतं. "काल लाईट होती का तुमच्याकडे?", "पाऊस काय म्हणतोय?" एवढं झालं की प्रत्येक जण आपापल्या लॅपटॉपमध्ये. शनिवारी बाजारात भेटलो तरी तीच दोन वाक्यं. रात्री-अपरात्री घरात कुणाला बरं वाटेनासं झालं तर कुणाचं दार वाजवायचं, हे मला अजून माहीत नाही.

त्या जागेचा उपयोग करून हे बदलता येईल का? नेमकं काय करायचं? नव्या उद्योगांना उभं राहायला मदत करणाऱ्या एका इनक्युबेटरच्या कार्यक्रमात नाव घाल असंही कुणी सुचवलं, पण माझा काही स्टार्टअप नाही.

---

मिऱ्याबंदर (9 जून)

साळवी स्टॉपजवळ ओळखीच्यांचा गाळा आहे. फायबर आहे, इन्व्हर्टर आहे, खाली पार्किंग. चार टेबलं सहज बसतील. भाडं बोलून कमी होईल. हवं तर व्यनि करा.

---

नाचणेकर (9 जून)

धन्यवाद दादा, पण जागा आहे माझ्याकडे. माणसांबद्दल विचारतोय.

---

पेण_ते_पणजी (10 जून)

सोपं आहे. सगळ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा आणि शुक्रवारी दुपारी एकत्र डबा खायला बसा. पुण्यात बाणेरला आमच्या को-वर्किंगमध्ये हेच करायचे. महिन्याभरात सगळे एकमेकांना ओळखायला लागले. तिथल्या मॅनेजरला सांगा, त्याचं कामच आहे ते.

---

आबोली_चिपळूण (10 जून)

मी आधी पुण्यात एका इनक्युबेटरमध्ये माणसं जोडण्याचंच काम करत होते. आता चिपळूणला असते आणि इथल्या एका छोट्या को-वर्किंगचं बघते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर डब्याचं म्हटलंय ते अर्धं बरोबर आहे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, काम बाजूला ठेवून बसणं हे हवंच. पण कोकणातल्या गावांत दुपारचं जेवण चालत नाही. माणसं एक वाजता घरी जातात, गरम भात-आमटी-मासे जेवतात, थोडं लवंडतात नि तीन-साडेतीनला परत येतात. आम्ही पुण्याचा नमुना इथे आणला तेव्हा डबा घेऊन बसणारे सगळे बाहेरून आलेलेच होते, गावातलं कुणीच नाही. चहा साडेचारला ठेवला तेव्हा सगळे आले.

ग्रुपचंही तसंच. ग्रुपवर ओळख होत नाही, झालेली ओळख टिकते. आधी ग्रुप काढलात तर दोन आठवड्यांत तिथे फक्त सुप्रभातची फुलं आणि लाईट कधी येणार याची चौकशी उरते.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेल्या लोकांना विचारून अभ्यास केला होता. जुजबी ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात, घट्ट मैत्रीला 200 च्या वर. ते आकडे तिकडचे आहेत, जसेच्या तसे धरू नका. पण त्यातली एक गोष्ट माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळते. नुसतं एका ठिकाणी काम करण्यात गेलेले तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत. रिकामपणी बोलण्यात, खाण्यापिण्यात, हसण्यात गेलेले तास होतात. तुम्ही वर्षभर एका खोलीत बसलात तरी हेडफोन लावूनच बसला असाल, तर त्यातले खरे तास चहाच्या किटलीजवळचे तेवढेच.

म्हणून पहिलं काम बसण्याच्या जागेचं. तुमचं टेबल कुठे आहे? कोपऱ्यात, खिडकीशी असेल तर बदला. पाण्याच्या फिल्टरकडे किंवा चहाकडे जाणारी माणसं जिथून जातात तिथे बसा. एमआयटीतल्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा 1950 सालचा एक गाजलेला अभ्यास आहे. जिन्याच्या तळाशी ज्यांची घरं होती त्यांची वरच्या मजल्यावरच्या लोकांशी जास्त मैत्री झाली, कारण सगळे त्यांच्या दारावरून जायचे. दुसरं, वार ठरवून घ्या. कधी सोमवारी, कधी गुरुवारी असं केलंत तर तुम्ही कुणाच्याच सवयीत बसत नाही. आणि हे सगळं आत्ताच सुरू करा. एप्रिल-मेमध्ये घरोघरी आंब्याच्या पेट्या, कुणाला मान वर करायला वेळ नसतो. जून-जुलैत माणूस पावसामुळे अडकलेला असतो, बोलायला बसतो. गणपतीत परत सगळे पांगतात.

इनक्युबेटरचं पुढच्या पोस्टमध्ये लिहिते.

---

वाशिष्ठीकाठ (10 जून)

आबोलीताई, माझा अनुभव वेगळा आहे. 22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूणला आमचं दुकान छतापर्यंत पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर ज्यांची नावंही माहीत नव्हती ते लोक फावडी घेऊन आले. समोरच्या गल्लीतला एक माणूस, ज्याच्याशी कधी चार शब्द बोललो नव्हतो, तो माझ्या दुकानातला चिखल आठवडाभर उपसत होता. ओळख अशी होते. चहा ठरवून होत नाही.

---

आबोली_चिपळूण (11 जून)

दादा, त्या दिवसांत मीही इथेच होते, तुमचं खरं आहे. संकटात भिंत एका दिवसात पडते. पण एक विचारते, त्या समोरच्या माणसाशी आज किती बोलणं आहे?

---

वाशिष्ठीकाठ (11 जून)

रस्त्यात दिसला की हात करतो. त्याच्या घरी कधी गेलो नाही. खोटं कशाला सांगू.

---

आबोली_चिपळूण (11 जून)

तेच म्हणायचं होतं. एकमेकांच्या उपयोगी पडल्यामुळे दार उघडतं, पण नंतर ठरलेली भेट नसेल तर ते हळूहळू लागतं. दोन्ही एकत्र हवं, आणि त्यासाठी पुराची वाट बघायला नको.

आता इनक्युबेटर. नाचणेकर, स्टार्टअप नसेल तर त्या कार्यक्रमात नाव घालू नका. तिथे मेंटर, गुंतवणूक, शेवटी सादरीकरण असं सगळं असतं, तुमचा नि त्यांचाही वेळ जाईल. पण तिथली एक पद्धत उचला. एका तुकडीतले उद्योजक एकमेकांचे मित्र का होतात? सगळ्यांना दर आठवड्याला एका गोलात बसून आपलं काय अडलंय ते सांगावं लागतं, म्हणून. नमस्काराच्या पुढे माणूस तेव्हाच जातो, जेव्हा तो आपली अडचण उघडी करतो आणि समोरचा तिची टर उडवत नाही.

आम्ही इथे करतो ते असं. चार ते सहा जण, त्याहून जास्त नाही. आठवड्यातून एकदा, चहाच्या वेळी, पाऊण तास. त्या दिवशी एकाच माणसाची पाळी. तो दहा मिनिटं आपली एक अडचण सांगतो. मग बाकीचे फक्त प्रश्न विचारतात. त्यानंतर प्रत्येकाने बोलायचं, पण नियम एकच: "तू असं कर" म्हणायचं नाही, "माझ्याबाबतीत असं झालं होतं" एवढंच सांगायचं. तसं काही झालं नसेल तर गप्प बसायचं. हा नियम ऐकायला किरकोळ वाटतो, पण सगळं त्याच्यावर उभं आहे. सल्ला दिला की एक शहाणा नि एक अडाणी ठरतो. अनुभव सांगितला की सांगणाऱ्यालाही आपलं काहीतरी उघडं करावं लागतं. आणि गोलातलं गोलाबाहेर जाऊ द्यायचं नाही. रत्नागिरीसारख्या गावात कुणाचा ना कुणाचा मेहुणा कुणाच्या तरी ओळखीचा असतोच.

पहिली पाळी तुम्ही घ्या. अडचण खरी असू दे, पण फार जड नको. पगार, आजारपण, घरातलं भांडण पहिल्या दिवशी काढलंत तर लोक बिचकतात. शक्यतो अशी अडचण घ्या की ती बघायला कुणालातरी तुमच्या घरी यावं लागेल.

---

दशावतारी (12 जून)

मी मालवणचो. वाचून बरा वाटला, पण एक शंका. आमच्याकडे असा गोल जमवला तर सहातले चार होमस्टेवाले असतात. अडचण कोण सांगणार? मे महिन्यात माझ्या खोल्या रिकाम्या राहिल्या हे मी शेजारच्या होमस्टेवाल्याला कसं सांगू? तो उद्या माझ्या गिऱ्हाइकाला फोन करील.

---

आबोली_चिपळूण (12 जून)

तुमची भीती रास्त आहे. इनक्युबेटरमध्येही एकाच धंद्यातले दोघे शक्यतो एका गोलात ठेवत नाहीत. वेगवेगळ्या कामांची माणसं घ्या. एक होमस्टे, एक बोटवाला, एक शिक्षक, एक लॅपटॉपवाला. गावात सगळेच होमस्टेवाले असतील तर हा गोल तिथे चालेल असं मला वाटत नाही. त्याला दुसरं काहीतरी शोधावं लागेल, माझ्याकडे आत्ता तयार उत्तर नाही.

---

नाचणेकर (3 ऑगस्ट)

आबोलीताईंनी सांगितलं तसं केलं, त्याचा वृत्तान्त देतो. थोडा लांबेल.

टेबल बदललं, फिल्टरच्या वाटेवर घेतलं. वार ठरवले. पहिले काही दिवस फक्त जास्त नमस्कार झाले. मग कोकमवाल्या ताई, ड्रोनवाला, कॉलेजवाले सर आणि टॅक्सची कामं करणारी एक मुलगी अशा चौघांना विचारलं. दर बुधवारी साडेचार. सर म्हणाले, "बैठक वगैरे म्हणू नका, लोक येणार नाहीत, चहाला बसू म्हणा." तसं म्हटलं.

पहिली पाळी माझी. अडचण घराची सांगितली. आमच्या फ्लॅटची पश्चिमेची भिंत पावसाची झड लागली की आतून ओली होते, रंगाचे पापुद्रे सुटतात, कपाटाला बुरशी येते. बिल्डर म्हणतो कोकणात असंच असतं. पुण्याच्या माणसाला हे नवीन होतं. टॅक्सवाल्या मुलीने सांगितलं की तिच्या माहेरी जांभ्याच्या भिंतीला तीच ओल होती. आतून रंगावर रंग देऊन काही उपयोग झाला नाही, चीर बाहेरच्या गिलाव्यात होती, ती बुजवल्यावर थांबलं. ड्रोनवाला म्हणाला, त्यांच्याकडे झडीच्या बाजूला दर मे महिन्यात पत्रे लावतात आणि दिवाळीत काढतात. नियम पाळून कुणी "तुम्ही असं करा" म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ड्रोनवाला स्वतःहून घरी आला, पाऊस थांबल्यावर ड्रोन वर नेऊन भिंतीचा व्हिडिओ काढला. गच्चीच्या कठड्याखाली लांब आडवी चीर स्पष्ट दिसली. त्या दिवशी तो आमच्याकडे जेवला. नाचण्यात आमच्या घरी जेवलेला तो पहिला माणूस.

कोकमच्या ताईंची पाळी आली तेव्हा खरं काय ते कळलं. त्यांच्या सरबताच्या काही बाटल्यांची झाकणं फुगत होती, गिऱ्हाईक परत पाठवत होतं. हे त्यांनी घरातही नीट सांगितलं नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच सरबताचा अनुभव नाही, म्हणून सगळे गप्प. पण प्रश्न विचारता विचारता निघालं की साखर त्या अंदाजाने घालतात, या वर्षी "कमी गोड करा" अशी मागणी आली म्हणून कमी केली. सर म्हणाले, आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक नाचण्यातच राहतात, त्यांना विचारू. ते प्राध्यापक माझ्या बिल्डिंगपासून हाकेच्या अंतरावर राहतात नि मी त्यांना रोज सकाळी फिरताना नमस्कार करत होतो!

ताई, मी आणि सर त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सांगितलं, साखर कमी पडली की यीस्टला वाव मिळतो, सरबत आंबतं, वायू धरतो आणि झाकण फुगतं. सरबताचं ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या साखरेचं माप, 65 च्या खाली जाता कामा नये, अन्नसुरक्षेचा नियमही तोच आहे. ते मोजायला हातात धरायचं रिफ्रॅक्टोमीटर मिळतं. एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. त्यांनी एक मिळवून दिलं. ताईंच्या फुगलेल्या घाण्याचं माप बरंच खाली निघालं, जुन्या घाण्याचं बरोबर. आता प्राध्यापकच दर घाण्याला ताईंकडे जातात. नवीन घाणा पावसाळाभर टिकतो का ते अजून बघायचंय.

मला यात महत्त्वाचं वाटलं ते हे की को-वर्किंगमधला गोल पाच जणांचाच राहिला, पण अडचण बाहेर पडली नि तिने आम्हाला कॉलनीतल्या दारांपर्यंत नेलं. परवा मला ताप आला तेव्हा को-वर्किंगला गेलो नाही, तर संध्याकाळी ताईंनी पेजेचं पातेलं पाठवलं. मी कुणाला काही कळवलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र बिघडतेय. मी कॉम्प्युटरवाला हे सगळ्यांना कळलंय. प्रिंटर, आधार अपडेट, मुलाचा ऑनलाइन फॉर्म, सगळं माझ्याकडे येतं. सुरुवातीला आनंदाने केलं. आता कधी कधी दिवसाचं काम मागे पडतं. नाही म्हटलं तर जुळलेलं तुटेल का?

---

आबोली_चिपळूण (3 ऑगस्ट)

पेजेचं वाचून खूप आनंद झाला. तुमच्या गैरहजेरीची कुणीतरी दखल घेतली, हीच खूण मी शोधत असते. किती जणांची नावं माहीत झाली यावरून काही कळत नाही.

फुकट कामांचं: इनक्युबेटरमध्ये मेंटर लोकांना हा त्रास फार होतो. तिथे ते ठरलेला तास ठेवतात. तुम्हीही ठेवा. शनिवारी सकाळी तासभर, को-वर्किंगच्या बाहेरच्या बाकावर, ज्याला जे असेल त्याने घेऊन यावं. बाकी दिवस "शनिवारी या" असं प्रेमाने सांगायचं. दुसरं म्हणजे तुम्हीही मागा. फक्त देणारा माणूस गावाला दुकानासारखा वाटायला लागतो. ज्यांचा फॉर्म भरून दिलात त्यांच्याकडून गच्चीची चीर बुजवायला चांगला गवंडी शोधून घ्या.

---

पेण_ते_पणजी (4 ऑगस्ट)

डब्याचं मी पुण्यावरून बोललो होतो, इथल्या जेवणाच्या सवयीचा विचार केला नव्हता. साडेचारचा चहा लक्षात ठेवतो, आम्हीही पेणला बघतो.

---

सुरंगी (4 ऑगस्ट)

मी रत्नागिरीतच राहते, घरून भाषांतराची कामं करते. धागा पहिल्यापासून वाचतेय. एक लक्षात आणून द्यावंसं वाटतं. साडेचार ही वेळ पुरुषांना सोयीची असेल. मला चारला मुलीला शाळेतून आणायचं असतं, त्यानंतर तिचं खाणं. साडेसहाला ठेवलंत तर सासूबाईंची दिवाबत्ती नि स्वयंपाक. माझ्यासारख्या बऱ्याच जणी तुम्हाला रस्त्यात हसून पुढे जातात, कारण बसून बोलायची वेळच कुणी आमच्या सोयीने ठेवत नाही. सकाळी साडेदहा ते साडेअकरा मोकळी असते. शिवाय को-वर्किंगचा महिन्याचा पास सगळ्यांना परवडतो असंही नाही.

---

नाचणेकर (5 ऑगस्ट)

सुरंगीताई, हे ध्यानातच आलं नव्हतं. आमच्या गोलातल्या दोघींनाही विचारलं. टॅक्सवाली म्हणाली तिला साडेचार चालतं, कोकमच्या ताई म्हणाल्या की त्या दर बुधवारी मुलाला जावेकडे ठेवून येतात. मला पत्ताच नव्हता.

को-वर्किंगच्या मालकांशी बोललो. सकाळच्या वेळी बाहेरची खोली बिनपासाची वापरायला द्यायला ते तयार आहेत, पण महिन्यातून दोनदाच. चहाचा खर्च आपला. सहाच्या वर माणसं झाली तर दोन गोल करावे लागतील, आणि दुसरा गोल चालवणारं कुणीतरी हवं. तुम्ही चालवाल का?

---

सुरंगी (5 ऑगस्ट)

एकटी नाही चालवणार. माझ्या मजल्यावरची एक मैत्रीण शिवणाचं काम करते, तिला विचारते. ती हो म्हणाली तर गणपतीआधी एकदा बसू. पहिली पाळी तुमच्या त्या प्राध्यापकांच्या सौंना द्या. त्या नाचण्यातल्या सगळ्या जुन्या घरांना ओळखतात, पण नव्या बिल्डिंगांमध्ये त्यांना कुणीच बोलवत नाही असं त्या मला परवाच म्हणाल्या.

---

दशावतारी (6 ऑगस्ट)

आमचो होमस्टेवाल्यांचो प्रश्न तसोच रवलो हां. कोणाक सुचला तर लिवा.